परमनंट मॅग्नेट की इंडक्शन? इलेक्ट्रिक कारच्या मोटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेण्याआधी, घेतल्यावर आणि कधी कधी गॅरेजमधून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडेमोड समजायला सोपी जावी म्हणून वीज सगळीकडे ‘युनिट’मध्ये मोजली आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास.

१. दोन्ही मोटरींत मूळ फरक काय?

बाहेरचा न फिरणारा भाग, म्हणजे स्टेटर, दोन्हींत जवळपास सारखाच असतो: पोलादी पत्र्यांची थप्पी आणि तिच्या खाचांत तांब्याचं वाइंडिंग. फरक आतल्या फिरत्या भागात, रोटरमध्ये असतो.

परमनंट मॅग्नेट मोटरच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक बसवलेले असतात. स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र फिरतं आणि रोटर त्याच वेगाने, एक पाऊलही मागे न पडता फिरतो.

इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये चुंबक नसतो. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडून पिंजरा केलेला असतो. स्टेटरचं क्षेत्र या पिंजऱ्यात प्रवाह निर्माण करतं आणि त्या प्रवाहामुळे रोटर स्वतः चुंबक बनतो. त्यासाठी रोटरला क्षेत्रापेक्षा थोडं मागे राहावंच लागतं, कारण दोघांचा वेग एकच झाला तर पिंजऱ्यात प्रवाह निर्माण होणार नाही. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. विहिरीवरच्या पंपाची आणि पिठाच्या गिरणीची थ्री-फेज मोटर याच जातीची असते. कारमध्ये तीच मोटर इन्व्हर्टरवर, म्हणजे बॅटरीच्या डीसी विजेची हव्या त्या वारंवारतेची एसी करणाऱ्या यंत्रणेवर चालते, त्यामुळे तिला हव्या त्या वेगाने फिरवता येतं.

२. माझ्या गाडीत कोणती मोटर आहे, हे कसं कळेल?

तपशिलाच्या पानावर ‘परमनंट मॅग्नेट सिंक्रोनस’ किंवा ‘पीएमएसएम’ लिहिलं असेल तर चुंबकाची. ‘इंडक्शन’, ‘एसिंक्रोनस’ किंवा ‘एएसएम’ लिहिलं असेल तर पिंजऱ्याची. नुसतं ‘थ्री-फेज एसी’ लिहिलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण दोन्ही थ्री-फेजवरच चालतात.

भारतात आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रिक कार चुंबकाच्या मोटरीवर आहेत. नेक्सॉन ईव्ही, एमजी झेडएस आणि एक्सयूव्ही ४०० ही त्यातली परिचित नावं. त्याआधीच्या पिढीतल्या महिंद्रा ई२ओमध्ये इंडक्शन मोटर होती. एकाच गाडीत दोन्ही असण्याचं उदाहरण प्रश्न ७ मध्ये आहे.

३. कार्यक्षमतेत खरा फरक किती पडतो? आणि का?

सर्वोत्तम बिंदूवर मोजलं तर चांगली चुंबकाची मोटर ९५ ते ९७ टक्के वीज चाकाकडे पोहोचवते, चांगली इंडक्शन मोटर ९२ ते ९५ टक्के. पण गाडी त्या बिंदूवर फार थोडा वेळ असते. रोजच्या वापराची सरासरी काढली की अंतर वाढतं, आणि ते मुख्यतः शहरात वाढतं. याचं कारण स्लिपमध्ये आहे.

इंडक्शन मोटरचा नियम असा, की रोटरला जितकी वीज पोहोचते, त्यातला स्लिपइतका हिस्सा रोटरच्या पिंजऱ्यातच उष्णता होऊन जातो. २ टक्के स्लिप म्हणजे २ टक्के वीज तिथेच गेली. आता नेहमीच्या मापाची गाडी घेऊ: चाकाचा घेर २ मीटर, गिअरचं प्रमाण ९ ला १, मोटर चार ध्रुवांची. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण साडेपाच फेरे घेतं, मोटर ५०, आणि चार ध्रुव म्हणजे दोन जोड्या असल्याने रोटरच्या वेगाशी जुळणारी वारंवारता त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झ येते. एका ठरावीक जोरासाठी रोटरला २ हर्ट्झ मागे राहावं लागत असेल, तर स्लिप झाली सुमारे २ टक्के.

तोच जोर ताशी १० किलोमीटरला हवा असेल, तरी मागे राहणं २ हर्ट्झच लागतं. पण रोटरची वारंवारता आता फक्त २५ हर्ट्झ आहे, म्हणून स्लिप सात टक्क्यांच्या वर जाते. ताशी १०० किलोमीटरला तीच एका टक्क्याच्याही खाली येते. सिग्नलवर थांबत, रेंगाळत चालणाऱ्या गाडीत इंडक्शन मोटर मागे का पडते, याचं उत्तर एवढ्यात आहे. शिवाय रोटरला चुंबक बनवण्यासाठी लागणारा प्रवाहही स्टेटरमधूनच द्यावा लागतो आणि तो जाताना तिथलं तांबंही तापवतो. चुंबकाच्या मोटरला हे दोन्ही खर्च नाहीत.

४. मग हायवेवर इंडक्शन मोटर बरी का?

अंतर कमी होतं हे खरं, आणि काही वेळा उलटतंही. चुंबकाची अडचण अशी, की तो बंद करता येत नाही. वेग वाढला की फिरणारे चुंबक स्टेटरमध्ये उलटा दाब निर्माण करतात. हा दाब बॅटरीच्या व्होल्टेजच्या वर जाऊ लागला, की चुंबकाचं क्षेत्र दाबून धरण्यासाठी इन्व्हर्टरला वेगळा प्रवाह सोडावा लागतो. या प्रवाहातून गाडीला जोर मिळत नाही, तो नुसता खर्च. पोलादातला चुंबकीय ऱ्हासही वेगाबरोबर वाढतो.

इंडक्शन मोटरमध्ये क्षेत्र हवं तेवढंच ठेवता येतं. सपाट रस्त्यावर, एका वेगात, पेडलवर हलका पाय असताना ते कमी करता येतं. म्हणून वेग भरपूर आणि जोर थोडा, अशा टापूत ती बरोबरीला येते. चुंबकाच्या मोटरींचे आरेखनकारही यावर गप्प बसलेले नाहीत. चुंबक रोटरच्या पृष्ठभागावर न लावता पोलादाच्या आत, बहुधा व्ही आकारात बसवले, की जोराचा मोठा वाटा पोलादाच्या आकारातूनच मिळतो आणि चुंबक कमी लागतो. आजच्या बहुतेक कारमध्ये हीच रचना आहे, त्यामुळे हायवेवरही इंडक्शनला मोठी आघाडी मिळत नाही.

५. चुंबक एवढे महाग, तरी कंपन्या तेच का वापरतात?

कारण मोटरमध्ये वाया गेलेली वीज बॅटरीतून येते आणि बॅटरी चुंबकापेक्षा महाग आहे. दोन मोटरींची किंमत शेजारी ठेवून निघालेलं उत्तर म्हणूनच अर्धवट असतं. हिशेब बॅटरीसकट मांडायला हवा.

समजा गाडीची बॅटरी ४५ युनिटची आहे आणि चुंबकाच्या मोटरवर ती १०० किलोमीटरला १५ युनिट घेते. रेंज ३०० किलोमीटर. सरासरी कार्यक्षमता चुंबकाची ९३ टक्के आणि इंडक्शनची ८९ टक्के धरू. त्याच गाडीत इंडक्शन मोटर बसवली तर खप १५ गुणिले ९३ भागिले ८९, म्हणजे १५.६७ युनिट होतो आणि रेंज २८७ किलोमीटरवर येते. पुन्हा ३०० हवे असतील तर बॅटरी ४७ युनिटची लागेल.

वाढलेल्या २ युनिटचा भाव युनिटला १०,००० रुपये धरला तर २०,००० रुपये. दुसऱ्या बाजूला चुंबक दीड किलो, किलोला ६,००० रुपये धरून, ९,००० रुपये. हे दर हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्याकडे ताजे दर असतील तर ते घालून पाहा. या दरांत चुंबक किलोला साधारण १३,००० रुपयांपर्यंत चढला तरी परवडतो. उलट बॅटरी ५,००० रुपये युनिटवर आली, तर दोन युनिटचे १०,००० होतात आणि पारडी जवळपास समान होतात. बॅटरी स्वस्त होत गेली की इंडक्शनचा विचार पुन्हा होतो, तो यामुळेच.

या हिशेबात न आलेली एक गोष्ट चुंबकाच्याच बाजूची आहे. इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर कमी असतो, म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी इन्व्हर्टरला जास्त प्रवाह पेलावा लागतो आणि त्यातले स्विच मोठे घ्यावे लागतात. तेवढ्याच जोरासाठी मोटरही आकाराने मोठी होते, म्हणजे तांबं आणि पोलाद जास्त.

गाडीमालकाच्या खिशाला मात्र याची झळ किरकोळ आहे. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवली तर ०.६७ युनिटच्या फरकाने वर्षाचे साधारण १०० युनिट जास्त लागतील. घरच्या मीटरवर ८ रुपये दराने ते ८०० रुपये झाले. एवढ्यासाठी आवडलेली गाडी सोडू नये, असं आम्हाला वाटतं.

६. एका मोटरमध्ये चुंबक किती असतो आणि त्यात काय काय असतं?

कारच्या मोटरमध्ये साधारण १ ते २ किलो. हा निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे विकसित केला. वजनाचा सुमारे ३० टक्के भाग दुर्मिळ मृदा धातूंचा असतो, उरलेलं बहुतेक लोखंडच. म्हणजे दीड किलो चुंबकात हे धातू साधारण ४५० ग्रॅम, आणि त्यातही मुख्यतः निओडिमियम व प्रेसिओडिमियम.

डिस्प्रोशियम आणि टर्बियम हे खरे अडचणीचे. गरम झालेला चुंबक उलट्या क्षेत्रासमोर टिकत नाही, आणि टिकावा म्हणून हे जड धातू थोड्या प्रमाणात घालावे लागतात. पूर्वी ते सगळ्या मिश्रणात मिसळत. आता चुंबक तयार झाल्यावर त्याच्या पृष्ठभागावर लावून, तापवून, कणांच्या सीमांमधून आत मुरवतात. त्यामुळे फार थोड्यात काम भागतं.

इंडक्शनच्या रोटरला यातलं काहीच लागत नाही. तिथे निवड असते ती ॲल्युमिनियम आणि तांबं यांच्यात. तांब्याची वाहकता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त, म्हणून रोटर कमी तापतो. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ अंशांना. इतक्या तापलेल्या तांब्याच्या ओतकामात साचे लवकर खराब होतात. म्हणून तांब्याचा पिंजरा अनेकदा तयार दांड्या खाचांत घालून आणि टोकांना जोडून करतात, आणि त्या जोडकामाचा खर्च वाढतो.

७. हॅरियर ईव्हीत पुढे इंडक्शन आणि मागे चुंबकाची मोटर आहे. अशी सरमिसळ का?

चार चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दुसरी मोटर बहुतेक वेळ रिकामी फिरत असते. चुंबकाची मोटर रिकामी फिरली तरी तिचे चुंबक स्टेटरच्या पोलादात ऱ्हास घडवतच राहतात, म्हणजे गाडीला सतत हलका ब्रेक. इंडक्शन मोटरचा प्रवाह बंद केला की क्षेत्रच उरत नाही. मग ओढ राहते ती फक्त बेअरिंग आणि गिअरची.

२०२५ साली आलेल्या हॅरियर ईव्हीच्या क्वाड व्हील ड्राइव्ह प्रकारात म्हणूनच मागच्या चाकांना चुंबकाची मोटर आहे. रोजचं काम ती करते, आणि पुढची इंडक्शन मोटर गरजेला मदतीला येते. परिणाम जाहीर झालेल्या रेंजमध्ये दिसतो. त्याच ७५ युनिटच्या बॅटरीवर एका मोटरची गाडी ६२७ किलोमीटर आणि दोन मोटरींची ६२२ किलोमीटर. एक अख्खी मोटर वाढूनही फरक ५ किलोमीटरचा. दोन्ही आकडे चाचणीचे आहेत, रस्त्यावर दोन्ही कमी येतील. पण दोन गाड्यांची तुलना करायला ते उपयोगी पडतात.

फोक्सवॅगन आयडी.४ च्या चार-चाकी ड्राइव्हमध्येही मागे चुंबक आणि पुढे इंडक्शन आहे. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही मोटरी चुंबकाच्या ठेवून गरज नसताना एक क्लचने चाकापासून तोडायची. ह्युंदाई आयोनिक ५ मध्ये तसं केलं आहे.

८. टेस्लाने इंडक्शनने सुरुवात केली होती. मग बदल का केला?

२००८ची रोडस्टर आणि २०१२ची मॉडेल एस इंडक्शनवर होती. २०१७ साली मॉडेल ३ आली तेव्हा तिची मागची मोटर चुंबकाची केली. मॉडेल ३ स्वस्त विकायची होती, म्हणून कमी बॅटरीत जास्त अंतर काढणं भाग होतं. हिशेब प्रश्न ५ मधलाच.

२०१९ साली मॉडेल एसच्या पुढच्या चाकांनाही चुंबकाची मोटर दिली, मागची इंडक्शन तशीच ठेवली. १०० युनिटच्या बॅटरीवर अमेरिकी चाचणीतली रेंज ३३५ मैलांवरून ३७० मैलांवर गेली. ही सगळी वाढ मोटरच्या जातीची नव्हे. त्याच वेळी इन्व्हर्टरचे स्विच, बेअरिंग आणि गिअरही सुधारले होते. हा आकडा सांगताना ते विसरलं जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं आहे.

९. घाट चढताना, उन्हाळ्यात कोणती मोटर जास्त तापते?

आधी घाटाचा बोजा मोजून पाहू. दोन टनांची गाडी ८ टक्के चढावर ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १७.५ किलोवॉट आणि टायरच्या घर्षणाला अडीच, मिळून २० किलोवॉट लागतात. शंभरच्या वर किलोवॉटच्या मोटरला हे जड नाही. इंडक्शन असली आणि स्लिप २ टक्के असली, तर रोटरमध्ये ४०० वॉट उष्णता तयार होईल. खंबाटकी घाट दोन्ही मोटरी सहज चढतात.

त्रास होतो तो वारंवार पूर्ण जोर लावल्यावर. इंडक्शन मोटर १०० किलोवॉट देत असताना २ टक्के स्लिपलाही रोटरमध्ये २ किलोवॉट साठत जातात, आणि फिरत्या रोटरमधून उष्णता बाहेर काढणं अवघड असतं, कारण थंडाव्याची वाट स्टेटरभोवती असते. म्हणून ऑडी ई-ट्रॉनमध्ये रोटरच्या पोकळ दांड्यातूनच शीतक फिरवलं आहे. अशी सोय नसेल तर काही वेळाने संगणक ताकद कमी करतो. मोटर थंड झाली की ती पूर्ण परत येते, कायमचं नुकसान होत नाही.

चुंबकाच्या मोटरमध्ये रोटर कमी तापतो, पण तापला तर परिणाम कायमचा असू शकतो. या चुंबकाची ताकद दर अंशाला ०.१ टक्क्याच्या आसपास कमी होते. ही घट थंड झाल्यावर भरून येते. पण चुंबक आपल्या दर्जाच्या मर्यादेपलीकडे, साधारण १५० ते १८० अंशांपलीकडे गेला आणि त्याच वेळी जोरदार उलटं क्षेत्र आलं, तर गेलेली ताकद परत येत नाही. नेहमीच्या वापरात सेन्सर तिथवर जाऊ देत नाहीत. शीतकाची गळती किंवा बंद पडलेला पंप दुर्लक्षून गाडी दामटली, तर धोका आहे.

१०. चुंबकाची ताकद गेली आहे की नाही, हे कसं तपासतात?

खूण अशी: तेवढ्याच जोराला प्रवाह जास्त लागतो, पिकअप मंदावतो, मोटर लवकर तापते. नक्की करायचं तर मोटर इन्व्हर्टरपासून सोडवून, बाहेरून ठरावीक वेगाने फिरवून दोन-दोन फेजमधलं व्होल्टेज मोजतात. तिन्ही जोड्यांवर ते सारखंच, पण कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर चुंबक क्षीण झाला. तीन जोड्यांत फरक असेल तर दोष बहुधा वाइंडिंगचा. चुंबकाचं तापमान कमी-जास्त असताना घेतलेल्या मोजमापांची तुलना करू नये, कारण प्रश्न ९ मधली तात्पुरती घटही त्यात दिसते.

११. बंद पडलेली गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेली तर?

चुंबकाची मोटर ज्या चाकांना जोडलेली आहे ती चाकं जमिनीवर फिरू देऊ नका. चाक फिरलं की मोटर वीज बनवते, मग बॅटरी जोडलेली असो वा नसो. ताशी ५० किलोमीटरला मोटरच्या टोकांवर शंभर-दोनशे व्होल्ट सहज येतात आणि इन्व्हर्टर जळू शकतो. सपाट ट्रेलर मागवा.

इंडक्शन मोटर प्रवाहाशिवाय अशी वीज बनवत नाही. तरीही गिअरला तेल पुरवणारा पंप बंद असू शकतो, म्हणून पुस्तिका परवानगी देत नसेल तर तीही ओढू नका. मेकॅनिकसाठी: बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढल्यावरही, केबल उघडी असताना चुंबकाच्या गाडीचं चाक हाताने फिरवू नये.

१२. गावातला रिवाइंडिंगवाला ही मोटर दुरुस्त करेल का?

पंपाची मोटर भरणारा हात कुशल असतो, पण कारच्या मोटरमध्ये बऱ्याचदा गोल तारेऐवजी चपट्या तांब्याचे वळवलेले तुकडे वेल्ड केलेले असतात, ते हाताने भरता येत नाहीत. रोटर बाहेर काढणं इंडक्शनमध्ये सोपं. चुंबकाचा रोटर मात्र स्टेटरला एवढ्या जोराने खेचतो की मार्गदर्शक दांड्यांशिवाय काढला तर बोटं चिरडतात आणि वाइंडिंग सोलवटतं. पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ थांबू नये.

जोडल्यावर आणखी एक पायरी. चुंबकाच्या मोटरला रोटरची नेमकी स्थिती कळावी लागते, त्यासाठी रिझॉल्व्हर असतो. तो काढून बसवला की त्याचा शून्य बिंदू स्कॅनरवरून पुन्हा शिकवावा लागतो. तो चुकला तर गाडी झटके देते किंवा जोरच देत नाही. इंडक्शनला फक्त वेग कळला तरी पुरतं.

१३. चीनच्या निर्बंधांमुळे कंपन्या इंडक्शनकडे वळतील का?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने ज्या ७ धातूंच्या निर्यातीवर परवाना लावला, त्यात निओडिमियम नव्हतं. डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते, आणि ते असलेले चुंबकही. म्हणून पहिली धावपळ झाली ती जड धातूंशिवायचे चुंबक वापरण्याची. त्यासाठी मोटर थंड ठेवावी लागते, पण जात बदलावी लागत नाही. चालू मॉडेलमध्ये इंडक्शन आणायची तर मोटर, इन्व्हर्टर, सॉफ्टवेअर आणि सगळ्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात. तो मार्ग लांबचा आहे.

भारतात समुद्रकिनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून आयआरईएल ही सरकारी कंपनी निओडिमियम-प्रेसिओडिमियम काढते. पण या वाळूत डिस्प्रोशियम नगण्य आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दीड किलोच्या हिशेबाने ६,००० टन म्हणजे ४० लाख मोटरी. मात्र पवनचक्क्या आणि इतर यंत्रंही त्यात वाटेकरी असतील.

१४. मोटरमध्ये चुंबक नाही, म्हणजे ती इंडक्शनच ना?

नाही. बीएमडब्ल्यू आयएक्स३च्या मागच्या चाकांच्या आणि रेनो झोईच्या मोटरमध्ये चुंबक नाही आणि पिंजराही नाही. रोटरवर तांब्याचं वाइंडिंग असतं आणि त्याला ब्रश व कड्यांमार्फत बाहेरून प्रवाह देऊन चुंबक बनवतात. रोटर क्षेत्राच्याच वेगाने फिरतो, म्हणून प्रश्न ३ मधला स्लिपचा तोटा नाही, आणि क्षेत्र कमी करता येतं, म्हणून हायवेवर प्रश्न ४ मधला फायदा मिळतो. बदल्यात रोटरच्या वाइंडिंगला सतत वीज द्यावी लागते, ब्रश झिजतात आणि त्यांची भुकटी साचू नये म्हणून तो भाग बंदिस्त ठेवावा लागतो. तपशिलाच्या पानावर ‘सिंक्रोनस’ लिहिलं आहे पण ‘परमनंट मॅग्नेट’ नाही, असं दिसलं तर ही मोटर असण्याची शक्यता विचारात घ्या आणि विक्रेत्याला ‘रोटरवर वाइंडिंग आहे का?’ एवढंच विचारा.